अनोळखी पुरळासाठी मलम का निवडता येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे औषधाचे दुकान किनाऱ्यावरच्या एका गावात आहे. जून उजाडला की कमरेवरच्या, जांघेतल्या आणि काखेतल्या खाजेच्या तक्रारी सुरू होतात, आणि कपडे वाळायला लागेपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, त्या थांबत नाहीत. या काळात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आलेले असेल, तर तेथे क्रमांक दिला आहे.

१. नुसती खाज आहे आणि थोडे पुरळ आहे. खाजेचे एखादे मलम द्यायला काय हरकत आहे?

खाजेचे असे एक मलम नसते. दुकानाच्या कपाटात त्वचेवर लावायच्या ज्या ट्यूब असतात, त्यांतली काही औषधे बुरशी मारतात, काही जिवाणू मारतात, काही खरजेचे किडे मारतात, आणि काही औषधे कशालाच मारत नाहीत, तर त्वचेची दाहाची प्रतिक्रिया दाबून टाकतात. या शेवटच्या गटाला स्टेरॉइड म्हणतात. नायटा, खरूज, इसब, घामोळे, सोरायसिस, काजूच्या तेलाची ॲलर्जी या सगळ्यांत खाज असतेच, त्यामुळे खाजेवरून या गटांपैकी कोणता उपयोगी पडेल ते ठरत नाही. ते ठरते पुरळामागच्या कारणावरून.

निवड चुकली तर औषध वाया जाईल, एवढेच झाले असते तर काळजी नव्हती. पण एका आजाराला बरे करणारे मलम दुसऱ्या आजाराला वाढवते, आणि वाढवण्याआधी काही दिवस बरे वाटायला लावते. ते कसे, हे चौथ्या उत्तरात सविस्तर दिले आहे.

२. चट्टा गोल आहे, कड उचललेली आहे आणि मध्ये साफ आहे. म्हणजे नायटाच ना?

असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्याकडच्या दमट हवेत असा चट्टा दिसला की अनुभवी माणसाच्याही मनात पहिला नायटाच येतो. बुरशी एका जागी सुरू होऊन बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून कड ताजी, खवलेदार आणि खाजरी राहते आणि मधला भाग निवळतो.

पण गोल आकार ही काही बुरशीची मक्तेदारी नव्हे. इसबाचा एक प्रकार नाण्यासारखे गोल चट्टे उठवतो, फक्त त्यात मधला भाग सहसा साफ होत नाही आणि कधी कधी चट्टा पाझरतो. पिटिरियासिस रोझिया नावाचा, आपोआप बरा होणारा एक आजार आहे. त्यात आधी छातीवर किंवा पाठीवर एकच मोठा चट्टा येतो, तो हमखास नायटा समजला जातो, आणि आठ-पंधरा दिवसांनी अंगभर लहान चट्टे उठले की लोक घाबरून धावत येतात. सोरायसिसचे चट्टेही गोल असू शकतात. आणि कुष्ठरोगाचा चट्टाही स्पष्ट कडेचा, मध्ये निवळलेला असू शकतो. तो सहसा खाजत नाही आणि तेथे स्पर्श, ऊन-गार किंवा टोचणे कमी जाणवते. ही संवेदना नुसते बघून कळत नाही, तपासूनच कळते, आणि अशा चट्ट्यावर सहा महिने नायट्याचे मलम लावत बसले तर तेवढ्या काळात मज्जातंतूंचे जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही.

३. फार्मासिस्ट ट्यूब देण्याऐवजी इतके प्रश्न का विचारतात?

याचे उत्तर एका प्रत्यक्ष संवादातून देणे सोपे जाईल. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपून बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. ट्रॉलरवर खलाशी असलेल्या एका माणसाची पत्नी दुकानात आली आणि तिने मोबाईलमधला फोटो समोर धरला.

“दादा, ह्यांच्या कमरेवर परत उठलंय. मागच्या पावसात नेली होती तीच ट्यूब द्या.”

“देण्याआधी दोन गोष्टी विचारतो, ताई. तेव्हा ती किती दिवस लावली होती?”

“आठ-दहा दिवस. तिसऱ्या दिवशीच खाज गेली. म्हणून तर तीच हवी.”

“आणि बंद केल्यावर?”

“थोडे दिवस बरं होतं. मग परत आलं. तेव्हापासून अधूनमधून लावतातच. आता करगोट्याखालून पार मांडीपर्यंत गेलंय. पण पूर्वीसारखं लाल नाही दिसत.”

“घरात आणखी कोणाला खाजतं का?”

“धाकटीला. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर. रात्री झोपूच देत नाही. तिलाही हीच लावावी म्हटलं.”

या उत्तरांत बरेच काही आले. पहिल्या वेळी खाज तिसऱ्या दिवशीच थांबली होती. नुसत्या बुरशीनाशक मलमाने आराम पडायला सहसा याहून जास्त दिवस लागतात, म्हणजे त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असणार, असा माझा अंदाज झाला. पुरळ परत आले ते आधीपेक्षा पसरलेले आणि कमी लाल होते, म्हणजे स्टेरॉइडखाली बुरशी वाढली असण्याची शक्यता होती. आणि मुलीचे पुरळ वेगळ्या जागी, रात्री जास्त खाजणारे होते, म्हणजे तिचा आजार वडिलांचा नसून खरूज असू शकत होता. यांतले काहीही निदान नव्हते. मात्र एकच ट्यूब दोघांना देऊ नये, एवढे ठरायला हे पुरेसे होते.

“ताई, खाज दोघांना आहे, पण आजार एकच असेल असं मला वाटत नाही. धाकटीचं खरूज निघालं तर त्याचं औषध मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्री लावून आठ ते चौदा तासांनी धुवायचं असतं, साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं असतं, आणि ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा त्याच रात्री लावायचं असतं. नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहते. आणि ह्यांचं बुरशीचं निघालं, तर त्यावर खरजेचं औषध काहीच करणार नाही.”

“मग ती जुनी ट्यूब?”

“तिने खाज गेली, पण आजार गेला नाही. गेला असता तर तो मांडीपर्यंत पोचला नसता.”

“बरं, निदान स्टेरॉइड नसलेलं साधं तरी द्या. पहाटे बोट निघते. मी रिकाम्या हाताने गेले तर ह्यांना वाटेल मी विचारलंच नाही.”

हा शेवटचा मुद्दा खरा असतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. माणसाला मोकळ्या हाताने परत पाठवले तर तो पुढच्या दुकानात जातो. म्हणून मी एका कागदावर पुरळ कधीपासून आहे, कोणती ट्यूब किती दिवस लावली, कुठे पसरले आणि मुलीला कुठे खाजते, हे लिहून दिले. सोबत कॅलामाइन लोशन दिले, ते कसे वापरायचे ते सांगितले (उत्तर ८), आणि बोट परत येईल त्या दिवशी दोघांनाही बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितले. साधे बुरशीनाशक मलमही तेव्हा का दिले नाही, ते सातव्या उत्तरात आहे.

४. पण त्या ट्यूबने खरोखरच बरे वाटते. बरे वाटते तर त्यात वाईट काय?

नायट्यात जी लाली, सूज आणि खाज असते, ती बुरशी स्वतः तयार करत नाही. बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या मृत थरातील केराटिन खाऊन जगते. तिला ओळखून शरीर जी प्रतिक्रिया देते, तीच आपल्याला लाली आणि खाज म्हणून जाणवते. त्रासदायक असली तरी बुरशीला आवर घालणारी यंत्रणा हीच आहे. स्टेरॉइड हीच प्रतिक्रिया दाबते. म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली फिकी पडते, आणि नेमके तेव्हाच बुरशीला मोकळे रान मिळते.

‘ट्यूबमध्ये बुरशीचे औषधही आहे की,’ असा प्रतिवाद येतो. बाजारात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि एक-दोन जिवाणूनाशके एकत्र कोंबलेली मलमे आहेत, आणि त्यांमागचा विचार असा सांगितला जातो की काहीही असले तरी एखादे तरी औषध लागू पडेल. माझ्या मते या मलमांनी आपल्याकडच्या नायट्याचे जेवढे वाटोळे केले तेवढे पावसाळ्यानेही केले नाही. कारण साधे आहे. खाज थांबली की माणूस मलम थांबवतो. स्टेरॉइडने आठवड्यात काम दाखवलेले असते, बुरशीनाशकाला मात्र काही आठवडे लागणार असतात. अर्धवट मारलेली बुरशी मग पुन्हा उठते, पुन्हा तीच ट्यूब येते, आणि प्रत्येक फेरीत चट्टा रुंदावत जातो.

याचा दुसरा परिणाम डॉक्टरांना भोगावा लागतो. स्टेरॉइड लावलेल्या नायट्याची स्पष्ट कड पुसट होते, खवले कमी होतात, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ दिसू लागते, कधी बारीक पुळ्या येतात. ज्या खुणांवरून आजार ओळखायचा त्याच नाहीशा झालेल्या असतात. शिवाय जांघ, काख आणि चेहरा येथील त्वचा पातळ असल्याने औषध तेथे जास्त शोषले जाते. क्लोबेटासॉलसारखे अतिशय तीव्र स्टेरॉइड जांघेत महिनोन्महिने लावल्यावर पडणारे रुंद वळ, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे, पुढे पुसले जात नाहीत. नायटा बरा झाला तरी ते राहतात.

५. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

ट्यूबचे मोठ्या अक्षरातले नाव सोडून द्या आणि बारीक अक्षरातले घटक वाचा, किंवा कोणाकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुओसिनोलोन, ट्रायमसिनोलोन ही सगळी स्टेरॉइड आहेत. शेवटी ‘सोन’, ‘सॉल’ किंवा ‘लोन’ असे आले तर विचारल्याशिवाय लावू नये. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल यांच्या शेवटी ‘झोल’ असते. ती बुरशीनाशके आहेत, स्टेरॉइड नव्हेत. मात्र दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असू शकतात, म्हणून एक नाव ओळखीचे दिसले की वाचणे थांबवू नये.

गोरे दिसण्यासाठी म्हणून मैत्रिणीकडून आलेल्या, घटक न छापलेल्या डबीबाबत तर हा प्रश्नच उरत नाही. तिच्यात काय आहे ते कोणालाच वाचता येत नाही, तेव्हा ती चेहऱ्यावर लावू नये.

६. शेजारच्या गावात हीच ट्यूब न विचारता मिळते. तुम्हीच का अडवता?

मिळते, हे खरे आहे, आणि ते चूक आहे. लावायची स्टेरॉइडे पूर्वी अनुसूची एचच्या बंधनातून सुटत असत. २०१८ मध्ये सरकारने अधिसूचना काढून अशी अनेक औषधे त्या अनुसूचीत आणली, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी अनेक औषधे एकत्र मिसळलेल्या ३२८ तयार मिश्रणांवर बंदी आली, आणि त्यांत लावायची काही मलमेही होती.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा मुद्दा राहतो. चुकीची ट्यूब नेलेले गिऱ्हाईक दोन महिन्यांनी वाढलेले पुरळ घेऊन परत आमच्याच फळीवर येते.

७. क्लोट्रिमाझोल तर साधे बुरशीनाशक आहे. तेच लावून बघितले तर काय बिघडते?

काही वेळा काहीच बिघडत नाही, आणि तेव्हा आम्ही ते देतोही. प्रौढ माणूस आहे, एकच लहान चट्टा हातावर, पोटावर किंवा पायावर आहे, कड खवलेदार आणि मध्य निवळलेला आहे, पहिल्यांदाच आले आहे, आधी कोणतेही मलम लावलेले नाही आणि चट्ट्यावर स्पर्श नीट कळतो, असे सगळे जुळले तर प्रयत्न करता येतो. मग ते दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर साधारण दोन बोटे जागा धरून लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे. लोक नेमके हे शेवटचे दोन आठवडे सोडतात. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर आमच्याकडून दुसरी ट्यूब न नेता डॉक्टरांकडे जावे.

जेथे यांतली एखादी अट मोडते, तेथे नियमही मोडतो. पुरळ पसरलेले असेल, डोक्यात किंवा नखात असेल, लहान मुलाचे असेल, किंवा आधी स्टेरॉइड लावलेले असेल (तिसऱ्या उत्तरातील खलाशाप्रमाणे), तर नुसते मलम बहुधा पुरत नाही, आणि पोटातून औषध द्यायचे का, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. डोक्यातल्या आणि नखातल्या बुरशीला तर वरून लावलेले मलम पोचतच नाही.

आणखी एक कारण तपासणीचे आहे. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या कडेचे खवले बोथट पात्याने खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. ही तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. पण आधी चार दिवस बुरशीनाशक चोपडलेले असेल तर धागे सापडत नाहीत आणि बुरशी असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशीची एक जात आता देशभर आढळते. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. अशा बुरशीवर टर्बिनाफीन अनेकदा लागू पडत नाही, तेव्हा कोणते औषध चालेल याचा अंदाज फळीच्या अलीकडून बांधण्यात अर्थ नाही.

८. डॉक्टरांना दाखवेपर्यंत दोन-तीन दिवस जाणार आहेत. तोवर काय करावे?

पुरळ कोरडे असेल आणि पाझरत नसेल तर कॅलामाइन लोशन हलवून पातळ थरात लावावे. ते खाज थोडी कमी करते, आजाराचे रूप फारसे बदलत नाही, आणि तपासणीच्या आदल्या रात्री धुऊन टाकता येते. फार खाज सुटली तर स्वच्छ सुती फडके गार पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवावे. नंतर जागा टिपून पूर्ण कोरडी करावी, विशेषतः जांघेत आणि बोटांच्या मध्ये.

पावसात कपडे वाळत नाहीत, हीच आपल्याकडची मोठी अडचण आहे. अर्धवट ओली चड्डी आणि जीन्स टाळावी; चुलीजवळ किंवा पंख्याखाली कपडे कोरडे करून, शिवणीवर इस्त्री फिरवून मगच घालावेत. ओला करगोटा कमरेला दिवसभर चिकटून राहतो आणि त्याच्याखालीच चट्टा सुरू झालेला अनेकदा दिसतो, म्हणून पुरळ जाईपर्यंत तो काढून ठेवावा. काहींना ते पटत नाही. अशांनी निदान रोज बदलावा. टॉवेल आणि पंचा घरात प्रत्येकाचा वेगळा ठेवावा.

खाजेच्या गोळ्यांनी झोप येऊ शकते. बोटीवर काम करणाऱ्याने किंवा गाडी चालवणाऱ्याने दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

९. काजू सोलल्यावर किंवा आंबे काढल्यावर पुरळ आले आहे. येथे तर कारण माहीत आहे, मग मलम द्याल का?

हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये येतो आणि तो खरोखर कठीण आहे, कारण येथे स्टेरॉइड हेच योग्य औषध असू शकते. काजूच्या टरफलातले तेल, आंब्याच्या देठातला चीक आणि बिब्बा हे एकाच कुळातल्या झाडांपासून येतात. त्यांच्यातल्या परस्परांशी साधर्म्य असलेल्या पदार्थांनी त्वचा भाजते किंवा ॲलर्जीचा दाह होतो. ॲलर्जीचा दाह दाबायला डॉक्टर स्टेरॉइड देतात, आणि ते बरोबरच करतात. जे औषध नायट्यात घात करते तेच येथे आराम देते, म्हणूनच तर आधी आजार ठरवावा लागतो.

कारण माहीत आहे असे वाटणे आणि ते असणे यांत अंतर राहते. चिकाचे पुरळ बहुधा चीक लागला तेथेच असते: हाताच्या आतल्या बाजूला, ओघळासारखे रेषेत, किंवा तोच हात लागून पापणीवर आणि मानेवर. ते काही तासांपासून दोन दिवसांपर्यंतच्या काळात उठते. काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यातली जुनी, पांढरट, ओलसर खाज मात्र चिकाची असेलच असे नाही. सतत ओल्या हातांना बुरशीही लागते. एकाच हातावर दोन्ही असू शकतात.

ताज्या चिकासाठी साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुणे हाच पहिला उपाय आहे. त्यावर चुना, घासलेट किंवा बिब्बा लावू नये. बिब्ब्याने तर जखमेवर आणखी तोच दाह होतो. कोकमाचे तेल पायाच्या भेगांसाठी उत्तम आहे, पण फोड आलेल्या त्वचेवर ते थापू नये. चेहरा, पापणी किंवा गुप्तांगावर आले असेल, मोठे फोड असतील, किंवा पुरळ पसरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

१०. ट्यूब कित्येक महिने लावतो आहे आणि आता हे वाचून भीती वाटते. आजच बंद करू का?

लहान जागेवर काही दिवसच लावली असेल तर बंद करून दाखवायला यावे. पण महिनोन्महिने, रोज, मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर तीव्र स्टेरॉइड लावलेले असेल, तर एकदम थांबवल्यावर त्वचा भडकते, लाल होते, आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उचलतो. अशांनी स्वतः ठरवू नये. काही दिवसांत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, म्हणजे ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करायचे की लगेच बंद करायचे ते ठरवतील. तोवर लावण्याची जागा वाढवू नये आणि नवी ट्यूब सुरू करू नये.

११. कोणत्या पुरळासाठी दोन दिवससुद्धा थांबू नये?

नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर पुरळ येऊन तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सुटू लागली तर ते औषध थांबवून तत्काळ रुग्णालयात जावे. पुरळाबरोबर ओठ-जीभ सुजणे किंवा श्वास अडणे, हाही तातडीचा प्रसंग आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तापाबरोबर आलेले लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबून धरल्यावरही फिके पडत नसतील तर ते त्वचेखाली रक्त साकळल्याचे लक्षण असू शकते.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे, आग होणारे फोड म्हणजे नागीण असू शकते. तिचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि ती डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो. नागिणीवर मंत्र घालून घ्यायला कोणाची ना नाही, पण आधी डॉक्टर. बधिर चट्ट्याची घाई तासांची नसली तरी तो या पावसाळ्यातच दाखवावा. सरकारी आरोग्य केंद्रांत कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. तान्ह्या बाळाच्या कोणत्याही पुरळावर दुकानातून मलम नेऊ नये.

१२. मोबाईलवर फोटो पाठवला तर मलम सांगाल का?

नाही. फोटो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी आहे, विशेषतः पुरळ येऊन-जाऊन असेल तर, पण त्यात खवले कोरडे आहेत की ओले, कड उचललेली आहे का आणि स्पर्श कळतो का, हे दिसत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली अनेकदा तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या फोटोत तीही हरवते.

१३. डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय न्यावे?

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. ‘पांढरी क्रीम होती’ यावरून काही कळत नाही. पोटातून चालू असलेल्या औषधांची पाकिटे, मधुमेह असेल तर शेवटचा अहवाल, आणि गरोदर असल्यास ते आवर्जून सांगावे. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचे असेल तर त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते फोन करून विचारावे, म्हणजे एसटीची खेप फुकट जाणार नाही. त्या दिवशी पुरळावर तेल, पावडर किंवा मलम लावू नये. घरात ज्या कोणाला खाजते आहे त्या सगळ्यांना बरोबर न्यावे, आणि कपडे असे घालावेत की कमर आणि मांड्या दाखवता येतील; लाजेपोटी हातावरचा एकच चट्टा दाखवून परत आलेली माणसे आठवड्याने पुन्हा तीच फेरी मारतात.